ताडपत्री फाटली आहे, चहा चालू आहे

करी रोड स्टेशनबाहेर आमची चहाची टपरी आहे आणि इन्स्टाग्रामवर त्या टपरीचं पेज आहे. टपरी पप्पांची, पेज माझं. आजोबा गिरणीत होते. १९८२चा संप लांबत गेला तेव्हा त्यांनी स्टोव्ह मांडला, तो अजून पेटलेलाच आहे. फक्त तेव्हा चहा प्यायला गिरणीतली माणसं यायची आणि आता गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली येतात. गळ्यात पट्टा अडकवलेली ही माणसं दिसली आणि मला वाटलं, आपलं पेज पाहिजे.

पप्पांना पेज म्हणजे काय हे मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हणजे बोर्डच ना? मग एकदा लावला की झालं. रोज काय लिहायचंय त्याच्यावर?"

दीड वर्षं मी रोज लिहीत होते. ग्लास चिंचेने घासून उन्हात धरायचे. पप्पांना किटली उंच धरून धार सोडायला लावायचे आणि ते अर्ध्यात हात खाली आणून म्हणायचे, "बाय, चहा गार होतोय." वेलची फोडतानाचा व्हिडिओ केला, आल्याचा केला, एकदा नुसत्या वाफेचा केला. फॉलोअर झाले २१२. त्यातले साठ नातेवाईक आणि एक आमचा दूधवाला, तो प्रत्येक फोटोखाली हात जोडलेलं चित्र टाकायचा. मला आधी ती भक्ती वाटली. नंतर कळलं की मागच्या महिन्याचं बिल राहिलंय.

तो फोटो मी पेजसाठी काढलाच नव्हता. आईला पाठवायचा होता, पुरावा म्हणून.

झालं असं की टपरीवरची निळी ताडपत्री जूनमध्येच मधोमध फाटली. नवी आणायचं काम माझ्याकडे होतं. मी आज आणते, उद्या आणते करत जुलै उजाडवला. एका मंगळवारी साडेपाचला सर आली आणि नेमकी त्या भगदाडातून टोपावर धार लागली. पप्पांनी काय करावं? गिऱ्हाइकाची विसरलेली काळी छत्री घेतली, एक तार मोडलेली, आणि ती उघडून चहाच्या टोपावर धरली. स्वतः बाहेर. बनियन अंगाला चिकटलेलं, केस कपाळावर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पळी. छत्रीच्या आत वाफ कोंडून मोडक्या तारेच्या बाजूने बाहेर पडतेय, आणि पप्पांचं सगळं लक्ष टोपात, कारण उतू जायची वेळ झालेली. मी फोटो काढला आणि आईला लिहिलं, "बघ, सांगितलं तरी बाजूला होत नाहीत. ताप आला की मला बोलू नकोस." (ताडपत्रीचा विषय मी त्या मेसेजमध्ये सोयीस्करपणे टाळला होता.)

रात्री लक्षात आलं की पेजवर चार दिवस काही टाकलेलं नाही. दुसरं काही नव्हतं म्हणून तोच टाकला. ओळ काय लिहावी सुचेना, म्हणून होतं ते लिहिलं: "ताडपत्री फाटली आहे. चहा चालू आहे." ठिकाण टाकताना मात्र मी एक शहाणपणा केला. करी रोडऐवजी लोअर परळ टाकलं. करी रोड लिहिलं की नातेवाईक ओळखतात, लोअर परळ लिहिलं की गळ्यात पट्टेवाले. दोन्ही स्टेशनांमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर, कोण मोजतंय? हे शहाणपण पुढे फार महागात पडलं.

बुधवारी सकाळी फोन उचलला तर गरम होता. दीड लाख व्ह्यूज. मला वाटलं, दीडशेवर चुकून शून्यं पडलीत. दुपारपर्यंत चार लाख. एका मीमवाल्या पेजने तो उचलला होता आणि वर लिहिलं होतं, "सोमवार ते शनिवार मी". म्हणजे पप्पा आता देशातल्या तमाम नोकरदारांचं प्रतीक झाले होते. कोणी त्यात कर्जाचे हप्ते बघत होतं, कोणी आई बघत होतं (छत्री म्हणजे आई, टोप म्हणजे मूल), एकाने तर छत्रीला सरकार म्हटलं आणि खाली दोन पक्ष भांडायला लागले. लोक फोटोला लाइक करून थांबत नव्हते, एकमेकांना पाठवत होते, आणि फोटो पसरतो तो असा. माझ्या घासलेल्या ग्लासांना लाइक मिळायचे, पण "हे बघ, हा तू" असं म्हणून ग्लास कोणी कोणाला पाठवत नाही.

दुसरी फळी स्वच्छतावाल्यांची. कोणीतरी फोटो मोठा करून बघितला आणि शोध लावला की पप्पांच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब आहे. तो थेंब पुढे कुठे पडला, यावर सव्वातीनशे कॉमेंट झाल्या. बाणाने दिशा दाखवणारी चित्रं निघाली. एका गृहस्थांनी तर वाऱ्याचा वेग धरून उत्तर काढलं. मी पप्पांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "थेंब कुठे पडला ते मला नाही माहीत. पावसात नाक पुसायला तिसरा हात लागतो, तो दुकानात मिळतो का विचार त्यांना."

गुरुवारी एक पत्रकार मुलगी आली. माइक पुढे धरून म्हणाली, "काका, स्वतः भिजत असताना चहा वाचवायचा, हे त्या क्षणी मनात कसं आलं?"

"चार लिटर दूध होतं त्यात," पप्पा म्हणाले.

"पण तुमच्या मनात नेमक्या काय भावना होत्या?"

पप्पांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "भिजतोय, असं वाटत होतं."

त्याच दिवशी एका छत्रीवाल्या कंपनीचाही मेसेज आला. पन्नास छत्र्या देतो, पैसे नाहीत, रोज एक धरून फोटो टाका. पप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताडपत्रीवाल्याचा नाही का आला?"

आता शुक्रवारकडे येते. आमच्या घरात त्या शुक्रवारचा उल्लेख अजून नाव न घेता होतो.

आधी टपरीचं गणित सांगायला हवं. आमच्या एका टोपात चार लिटर दूध आणि दोन लिटर पाणी. उकळून थोडं आटतं, त्यातून पंच्याहत्तर कटिंग निघतात. मोठ्या शेगडीवर एक टोप व्हायला पंचवीस मिनिटं. दिवसाला सात टोप, म्हणजे पाचशेच्या आसपास कटिंग, बारा रुपयांनी. हे जमतं कारण आमचं गिऱ्हाईक तीन मिनिटं उभं राहतं. ग्लास घेतो, फुंकतो, संपवतो, जातो. काहीजण तर जाता जाता पितात आणि ग्लास परतीच्या लोकलच्या वेळी आणून देतात. शिवाय निम्मा माल टपरीवर विकलाच जात नाही. किटली आणि ग्लासांची जाळी घेऊन चुलतभाऊ ऑफिसांमध्ये फिरतो, अकरा वाजता आणि चार वाजता. चार म्हणजे चार. झेरॉक्सवाल्या काकांना चार दहाला चहा मिळाला तर ते पानं उलटी छापतात.

शुक्रवारी साडेतीनपासून माणसं यायला लागली. एकेकाने चहा मागितला असता तर काही बिघडलं नसतं. त्यांना छत्री हवी होती. छत्री टोपावर धरायची, पप्पांनी शेजारी उभं राहायचं, मग उलट, मग सेल्फी, मग "काका, जरा भिजल्यासारखं करा ना". ऊन पडलेलं होतं. एकीने पाण्याची बाटली आणली होती, ती त्यांच्या डोक्यावर ओतायला. पप्पांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते एरवी फक्त नासलेल्या दुधाकडे बघतात.

एक माणूस सरासरी बारा मिनिटं घेत होता आणि दोघांत एक कटिंग मागत होता. फुटपाथ भरला. नेहमीची गिऱ्हाइकं स्टेशनातून बाहेर यायची, गर्दी बघायची, "काय, भांडण झालं का?" विचारायची आणि पुढे जायची. चुलतभाऊ किटली घेऊन निघणार, तेवढ्यात कोणीतरी त्याच्या हातात फोन दिला, "दादा, एक काढा ना." तो सव्वापाचपर्यंत फोटो काढत होता. ऑफिसांमधून फोनवर फोन. झेरॉक्सवाले काका स्वतः चालत आले, गर्दीत घुसले, त्यांनाच कोणी तरी "अंकल, फ्रेममधून बाजूला व्हा" म्हणालं. ते बाजूला झाले आणि पुढे चार दिवस आले नाहीत.

त्यात टोप फाटला. म्हणजे टोप शाबूत होता, चहा फाटला. पप्पांची पद्धत पक्की आहे: आधी नुसतं पाणी, त्यात ठेचलेलं आलं, ते चांगलं खळखळ उकळू द्यायचं, मग पावडर आणि साखर, आणि दूध सगळ्यात शेवटी. कच्च्या आल्यात काहीतरी असं असतं की ते गरम होत असलेल्या दुधात पडलं की दूध फाडतं. आलं आधी उकळून घेतलं की त्याची ती खोड जाते. पप्पांना हे कोणी शिकवलेलं नाही, आजोबांचे पहिले दोन टोप गटारात गेले तेव्हा घराण्याला ज्ञान झालं. शुक्रवारी पप्पा फोटोसाठी उभे होते, म्हणून टोप मी चढवला. घाईत दूध आधी ओतलं, कोमट झाल्यावर मूठभर आलं टाकलं. पाच मिनिटांनी पळी फिरवली तर कडेला रव्यासारखे बारीक कण चिकटलेले. मी मनाची समजूत घातली की साय असेल. साय वर एकसंध तरंगते, पळीने दुमडते. हे कण दुमडत नव्हते, पळीवरून घरंगळत होते आणि खालून पिवळसर पाणी दिसायला लागलं होतं. पप्पा तिकडून, फोटोसाठी हसत असताना, मान न वळवता म्हणाले, "आलं दुधात टाकलंस."

वासावरून कळलं म्हणे.

चार लिटर दूध गेलं. ज्या दुधात पाणी पडू नये म्हणून हा माणूस पावसात भिजला, तेच दूध मी कडकडीत उन्हात, छत्रीखाली, वीस माणसांच्या साक्षीने घालवलं. त्याचाही कोणीतरी व्हिडिओ काढला, पण त्याला फक्त नव्वद व्ह्यूज मिळाले. देव असतो.

रात्री गल्ला मोजला. एरवीच्या शुक्रवारी पाचशे कटिंग, त्या शुक्रवारी तीनशे दहा. देशात प्रसिद्ध झाल्याच्या दिवशी आमचा धंदा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी बसला होता.

मी पेजची आकडेवारी उघडली, आपल्या बाजूने काहीतरी असेल म्हणून. व्ह्यूज अकरा लाख चाळीस हजार. पप्पा म्हणाले, "अकरा लाख माणसं?" नाही. एकाच माणसाने चारदा बघितलं तर ते चार धरतात. डोंबिवलीच्या आत्याने एकटीने पन्नासेक तरी केले असतील. माणसांचा, म्हणजे खात्यांचा, आकडा वेगळा असतो, तो सहा लाख वीस हजार. त्यातले जवळजवळ सगळे आम्हाला फॉलो न करणारे. शहरांच्या यादीत पहिलं पुणं, मग दिल्ली, मुंबई तिसरी. पुण्याचा माणूस कटिंग प्यायला करी रोडला येणार नाही, आणि आलाच तर साखरेबद्दल बोलेल. चार दिवसांत फोटो बघून आलेली माणसं चुलतभावाने मोजली होती, अडीचशे ते पावणेतीनशे. म्हणजे दर साधारण चोवीसशे माणसांमागे एक जण आला आणि त्यानेही अर्धी कटिंग घेतली. फॉलोअर मात्र नऊ हजार झाले. त्या जोरावर मी पुढच्या आठवड्यात घासलेल्या ग्लासाचा फोटो टाकला. नऊ हजारांतल्या सातशे जणांपर्यंत पोचला. बाकीचे पप्पा परत कधी भिजतात याची वाट बघत असावेत.

शनिवारी सकाळी एक सज्जन आले आणि पप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, मी एकशे एक पाठवलेत. नवीन टपरी होईल तुमची." पप्पांनी पैसे बोलून दाखवणाऱ्या डब्याकडे पाहिलं. डबा गप्प. मग कळलं, आमच्याच नावाचं दुसरं पेज निघालंय. तोच फोटो, तीच ओळ, नावाच्या शेवटी फक्त एक खालची रेघ जास्त, आणि पहिल्याच पोस्टमध्ये क्यूआर कोड. मी त्यांना तो कोड पुन्हा स्कॅन करायला लावला, पैसे न भरता. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव येतं. आलं, आणि ते पप्पांचं नव्हतं. मग आमच्या डब्यावरचा कोड स्कॅन केला, तिथे पप्पांचं पूर्ण नाव, आडनावासकट. "हे नाव वाचायचं असतं होय?" ते म्हणाले. मी त्यांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितली, त्या पेजची आमच्याकडून वेगळी तक्रार केली आणि आमच्या फोटोखाली लिहिलं की आम्ही पैसे मागत नाही, चहा मागितला तर देतो. पप्पांनी त्यांना चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे दुसऱ्याच्या चोरीत आमचे बारा रुपये गेले.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. कॉमेंटमध्ये लोक लिहीत होते, "आज जाऊन आलो, छत्रीवाल्या काकांचा चहा भारी, पण काका फोटोपेक्षा बारीक दिसतात." पप्पांचं वजन ब्याऐंशी किलो आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी ठिकाण बघितलं. लोअर परळ. लगेच बदलून करी रोड केलं, पण माझ्या पोस्टवर बदलून काय उपयोग? मीमवाल्यांनी उचललं होतं ते जुनंच फिरत होतं.

रविवारी दुपारी टपरी बंद करून मी आणि पप्पा चालत निघालो. लोअर परळ स्टेशनबाहेर, कोपऱ्यावर, एक टपरी होती. वर नवी कोरी ताडपत्री, एका थेंबाला वाव नाही. आणि तिच्या खाली, टोपाच्या वर, दोरीने बांधलेली एक काळी छत्री. मालकाने तिची एक तार मुद्दाम वाकवून ठेवली होती. समोर पंधरावीस माणसं. शिस्तीत रांग. चहा आधी घ्यायचा, पैसे द्यायचे, मग छत्रीखाली एक फोटो, एकच, की पुढचा. कटिंग पंधरा रुपये.

आम्ही रांगेत उभे राहिलो. मला वाटलं पप्पा आता बोलतील. त्यांनी चहा घेतला, फुंकला, एक घोट घेतला.

"आलं आधी उकळतो," ते म्हणाले. "बरोबर करतो."

"पप्पा, त्याने आपली छत्री चोरलीय."

"छत्री आपली कुठेय? गिऱ्हाईक विसरून गेलंय."

तेवढ्यात एक मुलगा फोन सरसावून आला. "काका, जरा बाजूला होता का? ते ओरिजिनल काका फ्रेममध्ये येत नाहीयेत."

पप्पा बाजूला झाले. ग्लास संपवून त्यांनी जाळीत ठेवला, खिशातून तीस रुपये काढून मोजून दिले, आणि मग मान वर करून बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं छत्री बघतायत. ते ताडपत्री बघत होते. कोपऱ्याला हात लावून जाडी बघितली, सुतळी कुठे बांधलीय ते बघितलं आणि त्या मालकाला विचारलं, "ही कुठनं घेतली?"

त्याने दुकान सांगितलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"लिहून घे," ते म्हणाले. "पेजवर नको. कागदावर."